22 टक्क्यांवर बंद पडलेली स्कूटर

अ‍ॅपमध्ये बॅटरी 22 टक्के आणि स्कूटर राजवाड्यापाशी बंद. तक्रार घेऊन आलेले काका इंदूरच्या राजेंद्रनगरचे. शोरूमने त्यांना सरळ नवा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा बोर्ड, टाकायला सांगितलं होतं. मीटर न लावताच बोर्ड बदलायला सांगणाऱ्यांचं काय करावं, कळत नाही.

पॅक एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, 16 सेल सीरिजमध्ये, 30 अँपिअर-अवरचा. बीएमएस शंटमधून, म्हणजे अगदी कमी रोधाच्या पट्टीतून, जाणारा प्रवाह मोजतो, आत गेलेला मिळवतो, बाहेर आलेला वजा करतो आणि त्यावरून टक्के दाखवतो. व्होल्टेजवरून ताळा पाहावा तर एलएफपी सेल 20 ते 80 टक्क्यांपर्यंत 3.3 व्होल्टच्याच आसपास असतो. त्यामुळे हिशेबात शिरलेली चूक पॅक पूर्ण भरेपर्यंत किंवा पूर्ण उतरेपर्यंत साठत जाते.

इथे एक सेल 2.5 व्होल्टखाली गेला होता, म्हणजे बीएमएसने पुरवठा तोडला तो कट-ऑफ खराच होता. मग 22 टक्के, म्हणजे 6.6 अँपिअर-अवर, गेले कुठे? किल्ली बंद ठेवून मल्टिमीटर सीरिजमध्ये लावला. (इतक्या कमी प्रवाहाला क्लॅम्प मीटर कामाचा नाही.) 25 मिलिअँपिअर निघाले, सगळे नंतर बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरचे. शंट 0.25 मिलिओहमचा, त्यावर एवढ्या प्रवाहाने जेमतेम 6 मायक्रोव्होल्ट पडतात. मोजणाऱ्या सर्किटची स्वतःची चूकही तेवढी असू शकते, म्हणून फर्मवेअर इतका लहान प्रवाह शून्यच धरतं. तसं धरलं नाही तर उभ्या गाडीतही खोटे आकडे जमत राहतील, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

दिवसाला 0.6 अँपिअर-अवर असे हिशेबाबाहेर गळत होते. काका दुपारी तासभर चार्जिंग करायचे. शेवटचं फुल चार्ज आठ दिवसांपूर्वीचं. म्हणजे 4.8 गेले. उरले 1.8.

ते डिस्चार्ज टेस्टमध्ये सापडले. पॅक पूर्ण भरून 6 अँपिअरने उतरवला, तर मिळाले 28.2. पॅक तेवढा जुना झालाय, पण बीएमएस अजून 30 धरूनच मोजत होता.

ही टेस्ट संपली तेव्हा कट-ऑफला आकडा शून्यावर आला. पुन्हा चार्जिंगला लावल्यावर तो 94 पर्यंत सावकाश चढला आणि तिथून एकदम 100. 58.4 व्होल्टवर प्रवाह 1.5 अँपिअरखाली गेला की हा बीएमएस पॅक भरल्याचं मानतो, 28.2 भागिले 30 म्हणजे 94, उरलेले 6 टक्के पॅकमध्ये नव्हतेच. काकांना नेमका तोच बिघाड वाटला. ‘‘अहो, आकडा उडाला ना!’’

क्षमता 28.2 केली, ट्रॅकरची वायर किल्लीच्या स्विचमागे घेतली आणि आठवड्यातून एकदा पूर्ण चार्ज करायला सांगितलं. हा बीएमएस क्षमता स्वतः शिकत नाही, त्यामुळे पॅक आणखी जुना झाला की 28.2 हा आकडाही जास्तच ठरेल आणि टेस्ट पुन्हा करावी लागेल.