कर्ता बदलला, तेव्हा पत्र झालं

त्या गुरुवारी मी रजा टाकून घरी बसले होते, ती फक्त एक पानभर पत्र लिहायला. विभागप्रमुख मॅडमना लिहायचं होतं की माझा रिपोर्टिंग मॅनेजर बदलून मिळावा. सकाळी साडेनऊला बसले आणि अकराच्या आत चार पानं लिहून झाली. इतकं भराभर मी एरवी लिहीत नाही. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं हा माझा व्यवसाय आहे, आणि त्यात दिवसाला चार पानं नीट झाली तरी मी खूश असते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आठ महिन्यांपूर्वी आमच्या टीमची फेररचना झाली आणि माझं रिपोर्टिंग गुणवत्ता विभागातून आलेल्या एका सरांकडे गेलं. सर कामाला चोख. त्यांची पद्धत अशी की एक प्रकरण तपासून, मंजूर होऊन मगच पुढचं सुरू करायचं. माझ्याकडे मात्र इंजिनीअरांकडून माहिती कधीच क्रमाने येत नाही. देखभालीचं प्रकरण आधी तयार होतं आणि जोडणीचं शेवटपर्यंत अडकून राहतं. त्यामुळे मी आधी सगळा मसुदा उभा करते आणि एकदम तपासायला देते. दोन्ही पद्धतींनी पुस्तकं होतात, पण एकाच पुस्तकावर दोन्ही चालवल्या की ते पुस्तक अडतं. सहा महिन्यांत पाच पुस्तकं होती, त्यातली तीन उशिरा गेली. आमच्यातलं बोलणं हळूहळू मेलपुरतं उरलं. फोनवर त्यांचं नाव दिसलं की माझा हात आखडायचा.

दुपारी मी ती चार पानं एका मैत्रिणीला वाचून दाखवली. तिने बरीच वर्षं एचआरमध्ये काढली आहेत आणि अशी पत्रं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचली आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता प्रत्येक वाक्याचा कर्ता सांग.”

मी बघितलं. सर सतत म्हणणं बदलतात. सर दोष माझ्यावर ढकलतात. सर विश्वास ठेवत नाहीत. पहिल्या पानावर सोळा वाक्यं होती आणि त्यातल्या तेरांचा कर्ता ‘सर’ होता. ती म्हणाली, “हे पत्र मॅडमच्या हातात पडलं की त्यांना पहिल्यांदा ठरवावं लागेल, सर असे आहेत की नाहीत. म्हणजे त्यांना न्यायाधीश व्हावं लागेल. तुला न्याय हवाय की बदल हवाय?”

मला बदल हवा होता. हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःशीसुद्धा स्पष्ट म्हटलं नव्हतं.

मग तिने आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या चार पानांत एका बैठकीचा उल्लेख होता. सगळ्यांसमोर माझ्या मसुद्याबद्दल एक वाक्य बोललं गेलं होतं, जे मला दोन रात्री झोपू देत नव्हतं. तिने विचारलं, “असं एकदा झालं की होत राहतं? तुला भीती वाटते का? बाई म्हणून, कुठल्या समाजाची म्हणून, असं काही त्यात आहे का?” मी विचार करून नाही म्हटलं. एकदाच झालं होतं, कामाच्या ताणात झालं होतं. “मग ते इथून काढ. आणि उत्तर हो असतं, तर मी तुला हे पत्र लिहूच दिलं नसतं. ती तक्रार असते. तिची वेगळी वाट आहे, तिची चौकशी होते, समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. छळाला ‘कार्यपद्धतीतला फरक’ म्हणून रंग लावायचा नाही. आणि विनंतीच्या पत्रात अर्धी तक्रारही घालायची नाही, कारण मग कंपनीला आधी चौकशी करावी लागते आणि विनंती तिथेच थांबते.”

मी ते वाक्य काढलं. काढताना जड गेलं, हे खरं.

दुसरा मसुदा मी अगदी सावधपणे लिहिला. भाषाप्रेमी माणसाला सुचावी ती युक्ती मला सुचली आणि मी सगळी वाक्यं कर्मणी प्रयोगात फिरवली. ‘माझ्या मसुद्यांवर विश्वास दाखवला जात नाही.’ ‘सूचना वारंवार बदलल्या जातात.’ कर्ता गेला, पण आरोप जिथल्या तिथे राहिला. कुणाकडून बदलल्या जातात, हे वाचणाऱ्याला कळणारच होतं. उलट आता ते आडून बोलल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या मसुद्यात मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘परस्पर सामंजस्याच्या अभावामुळे काही अडचणी जाणवत असून योग्य तो विचार व्हावा.’ मैत्रीण म्हणाली, “ह्यात कुणालाच दोष नाही, हे बरोबर. पण ह्यात काही घडलेलंही नाही. मॅडम म्हणतील, बोलून घ्या दोघं.” नम्र आणि पोकळ ह्यांतला फरक मला तिथे दिसला. दोष न देणं म्हणजे घटना पुसणं नव्हे. व्यक्तीच्या जागी घटनेला कर्ता करायचं, आणि घटना तारखेसह लिहायची.

एक परिच्छेद कसा बदलला ते सांगते. पहिल्या मसुद्यात होतं: ‘सर आज एक सांगतात, उद्या दुसरं, आणि चूक माझी ठरवतात.’ शेवटच्या पत्रात ते असं झालं: ‘सुरक्षा-सूचनांच्या प्रकरणाबाबत 11 फेब्रुवारीला फोनवर आणि 18 फेब्रुवारीला लेखी मिळालेल्या सूचना एकमेकींशी जुळत नव्हत्या. फोनवरची सूचना मी लेखी पक्की करून घेतली नव्हती. प्रकरण दुसऱ्यांदा लिहावं लागलं आणि त्यात तीन दिवस गेले.’

मधलं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण ते खरं होतं. फोन ठेवल्यावर दोन ओळींचा मेल टाकला असता, तर ते तीन दिवस वाचले असते. स्वतःचा वाटा लिहिला की बाकीची दोन वाक्यं वाचणाऱ्याला अधिक पटतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ते फक्त खरं आहे म्हणून लिहिलं.

अशा दोनच घटना ठेवल्या. बाकी सगळ्या काढल्या, कारण दहा घटना मांडल्या की तो हिशेब वाटतो. तीन पुस्तकं किती उशिरा गेली ते दिलं: चार, सहा आणि नऊ दिवस. त्याखाली आम्ही दोघांनी काय करून पाहिलं ते लिहिलं. दर सोमवारी अर्धा तास बसायचं ठरवलं होतं, ते पाच आठवडे चाललं. शेरे एकाच फाइलमध्ये द्यायचं ठरवलं होतं, पण डेडलाइन जवळ आली की दोघंही चॅटवर उतरत होतो. सरांकडून मी काय शिकले, तेही एका वाक्यात लिहिलं. आकृत्या आणि मजकुराचे क्रमांक ताडून पाहण्याची त्यांची पद्धत मी आता कायमची उचलली आहे. ते वाक्य गोड बोलण्यासाठी नव्हतं, म्हणूनच ते ठेवलं.

मागणी दोन पर्यायांत मांडली. शक्य असल्यास रिपोर्टिंग बदलावं. ते लगेच शक्य नसल्यास रिपोर्टिंग आहे तसंच ठेवून मसुदे तपासण्याचं काम दुसऱ्या वरिष्ठांकडे द्यावं. कोणाकडे जायचं आहे, ते नाव लिहिलं नाही, कारण नाव लिहिलं की आधीच काही जुळवून ठेवलं आहे असा वास येतो. राजीनाम्याचा शब्द कुठेही नव्हता. आणि मैत्रिणीने सुचवलेलं एक वाक्य घातलं: ‘या वर्षाच्या चालू कालावधीचं मूल्यमापन सध्याच्या मॅनेजरांनीच करावं, त्याला माझी हरकत नाही.’ अप्रेझल तोंडावर असताना मॅनेजर बदलून मागणारा माणूस कमी शेऱ्यापासून पळतोय, अशी शंका वर पहिल्यांदा येते. त्या वाक्याने ती तिथेच मिटते. अर्थात ते लिहायची तयारी असायला हवी. मी रात्री तासभर त्यावर विचार केला.

विषयाची ओळ होती: ‘रिपोर्टिंग रचनेतील बदलाबाबत विनंती.’ मेलची जुनी साखळी जोडली नाही. लागल्यास देईन, एवढंच लिहिलं.

पाठवण्याआधी शुक्रवारी सकाळी मी सरांना भेटले. हा भाग मैत्रिणीने माझ्यावर सोडला होता. मॅडमकडून त्यांना अचानक कळलं तर ते मला रुचलं नसतं, म्हणून मी गेले. म्हटलं, “सर, मी मॅडमना आज पत्र देणार आहे. माझं रिपोर्टिंग बदलावं अशी विनंती आहे. त्यात तुमच्याविषयी असं काहीही नाही, जे मी तुमच्यासमोर वाचू शकणार नाही.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाचून दाखवा.”

मी वाचलं. फेब्रुवारीच्या वाक्यापाशी ते म्हणाले, “अकराला मी प्रवासात होतो. फोनवर काय बोललो ते मला आठवतही नाही.” थोडं थांबून म्हणाले, “पाच आठवडे नाही, चार. एका सोमवारी मी नव्हतो.” मी पाचाचे चार केले. एवढंच. आमच्यात त्या आधीच्या तीन महिन्यांत इतकं सरळ बोलणं झालं नव्हतं.

मॅडमनी पुढच्या बुधवारी बोलावलं. वीस मिनिटं लागली. पत्रातलं काही त्यांनी पुन्हा विचारलं नाही, त्यांचे प्रश्न पुढचे होते. हातातली दोन पुस्तकं कोण पूर्ण करणार? सरांना माहीत आहे का? तिसऱ्या माणसाशीही पद्धत जुळली नाही तर काय करशील? शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हटलं, पहिल्याच आठवड्यात कामाची पद्धत लिहून ठरवून घेईन, जे ह्या वेळी मी केलं नाही. त्यांनी ते टिपून घेतलं.

लगेच बदल झाला नाही. आधी दुसरा पर्याय मिळाला. तिमाही संपेपर्यंत तपासणी एका दुसऱ्या वरिष्ठांकडे आणि रजा, मूल्यमापन सरांकडेच. मसुद्यांचा प्रश्न सुटला, पण रजेची मंजुरी मागताना अवघडलेपणा तसाच होता. त्यात दोन महिने गेले आणि मग रिपोर्टिंग बदललं. मूल्यमापन सरांनीच केलं. वेळेच्या रकान्यात कमी गुण होते, अचूकतेच्या रकान्यात चांगले. दोन्ही मला मान्य होते आणि मी खाली सही केली.

त्यांच्याकडचं शेवटचं पुस्तक सोपवलं, तेव्हा त्यांचे राहिलेले शेरे आले. सगळे एकाच फाइलमध्ये होते, एक ते चौतीस क्रमांक घातलेले. मी त्याच क्रमाने उत्तरं लिहिली आणि संध्याकाळी सहाच्या आत परत पाठवली.