पंप बाजूला ठेवा, मग बोलू

“पावसात लाईट जाते. दोन पंखे, वायफाय, फ्रिज आणि विहिरीचा पंप आहे. किती मोठं पॉवर स्टेशन, म्हणजे ते बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेलं खोकं, घेऊ?”

पंप सोडून द्या. दर जून महिन्यात हेच सांगतो आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं, “अहो, अर्ध्या हॉर्सपॉवरचा तर आहे!” तो चालू असताना साधारण ६०० वॉट खातो, हे खरं. पण सुरू होताना त्याच्या चौपट-पाचपट ओढतो, म्हणजे अडीच-तीन हजार. १००० वॉटच्या इन्व्हर्टरवर ‘सर्ज २०००’, म्हणजे क्षणभर २००० वॉट, लिहिलेलं असलं, तरी बटण दाबताच मोटर नुसती घुमते, स्क्रीनवर ओव्हरलोड येतं आणि त्याच्यासोबत पंखेही बंद होतात. काही यंत्रांत ‘बूस्ट’ असतं. ते व्होल्टेज उतरवून भार ओढतं. किटलीला चालतं. मोटरीला कमी व्होल्टेजवर उठायचं बळच राहत नाही. लाईट असताना टाकी भरून ठेवा, विषय संपला.

आता क्षमता. १००० वॉट-अवरच्या बॅटरीतून प्लगपर्यंत साधारण ८५० पोचतात, बाकीचे इन्व्हर्टर खातो. जुने ७५ वॉटचे दोन पंखे, राउटर आणि दोन बल्ब मिळून १८० वॉट धरले, तर पावणेपाच तासांत संपलं. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी बसवले, तर ९० वॉटवर नऊ तास निघतात, म्हणजे रात्र पार. पंखे बदलणं दुप्पट बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं, पण ते ऐकायला कोणी तयार नसतं! फ्रिजबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. सरासरी ५० वॉट धरले, तर नऊ तासांचे सहा होतात. दार उघडलं नाही, तर चारेक तास तो तसाच टिकतो, म्हणून मी तो शेवटी जोडायला सांगतो. घरात इन्सुलिन असेल, तर मात्र आधी तोच.

पूर्वी मी क्षमतेवरच थांबायचो. आता चार्जिंगचा आकडा आधी विचारतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एखाद्या माडाचं चुडत तारेवर पडलं की रात्रभर काळोख, दुपारी दोन तास लाईट, संध्याकाळी परत गुल. २०० वॉटच्या ॲडॅप्टरने त्या दोन तासांत ४०० वॉट-अवरसुद्धा भरत नाहीत, म्हणजे दुसरी रात्र अर्धवट. ७०० वॉटने घेणारं यंत्र तेवढ्यात जवळजवळ भरतं. ‘एका तासात ८० टक्के’ वाचलंत, तर उरलेले २० हळू भरतात हे धरून चाला. जुलैत सोलर पॅनेलवर भिस्त ठेवू नका.

आणि १२०० वॉटने भरणारं यंत्र सव्वापाच अँपिअर ओढतं. जुन्या घरातल्या ६ अँपिअरच्या सैल सॉकेटात ते तासभर लावलंत, तर पिन हात लावून बघा. तापली असेल, तर १६ अँपिअरच्या सॉकेटवर न्या, नाहीतर सेटिंगमध्ये चार्जिंगचा वेग कमी करा. ती सोय नसलेलं यंत्र मी तरी घ्या म्हणणार नाही.