तुम्ही विचारलंत म्हणून: फुटलेला तवा आणि बाकीची भांडी

"अगं, रोजच्या स्वयंपाकाला भांडी घ्यायचीत. स्टील घेऊ, अ‍ॅल्युमिनियम, बिडाचं की नॉनस्टिक? फार खर्च नाही करायचा."

एक बिडाचा तवा घ्या, बाकी घरात आहे त्यावर भागवा. एवढं सांगून मी सुटायला बघते, तर समोरून हमखास येतं, "पण तुझाच तवा फुटला ना?"

फुटला नाही, मी फोडला. सगळं एकदाच सांगून टाकते.

तो तवा सासूबाईंचा, कुडाळचा. पाटीसारखा काळा, मध्ये किंचित खोलगट, आणि इतका गुळगुळीत की नख फिरवलं तर घसरायचं. नारळाची शेंडी तेलात बुडवून त्यावर फिरवायची, पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं. घावन कडेने आपोआप सुटून यायचं. डोंबिवलीला आणताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "तां बीड आसा गो, थंड होवंदे आधी." मी हो म्हटलं. ही हो म्हटल्याची गोष्ट मी बरीच वर्षं कोणाला सांगितली नव्हती. सगळ्यांना सांगायचे, मला कुठे माहीत होतं?

रविवार होता, पाहुणे बसलेले. शेवटचं घावन जरा करपलं, त्याचे तुकडे तव्याला धरून राहिले. त्याच तव्यावर लगेच थालीपीठ लावायचं होतं. मी सांडशीने तवा उचलला आणि नळाखाली धरला. स्टीलच्या कढईचं मी रोज हेच करत होते. चर्र झालं आणि त्या आवाजातच एक बारीक "टण्" ऐकू आलं. वाफ ओसरल्यावर पाहिलं तर काही दिसेना. मी तवा पुसला, थालीपीठं केली, लोकांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर तेल सोडलं आणि खाली बर्नरची ज्योत एकदम पिवळी होऊन वर आली. तेल तव्यातून खाली ठिबकत होतं. उजेडात धरला तेव्हा कडेपासून मध्यापर्यंत गेलेली केसाएवढी रेघ दिसली.

याचं कारण मला फार उशिरा कळलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन ते चार टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांसारखा आत बसलेला असतो. त्यामुळे हे लोखंड वाकत नाही, थेट तडकतं. पाणी पडलं तेवढा भाग झटकन आकसतो, शेजारचा तापलेलाच राहतो, आणि ओढाताणीत चीर जाते. स्टीलची कढई अशा वेळी वाकून मोकळी होते. तुमच्याकडची एखादी कढई शेगडीवर डुगडुगत असेल, तर ती अशीच वाकलेली असण्याची शक्यता आहे. वेल्डिंगवाल्याला तवा दाखवला. तो म्हणाला, बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही, बाजूला दुसरी चीर जाईल.

मग रागाने नॉनस्टिक घेतला. नऊशे रुपयांचा. पहिले सहा महिने मी सगळ्यांना सांगत होते, कशाला ती बिडाची हमाली! तेव्हाची मी आता भेटले तर तिला विचारीन, रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून पीठ कालवायला का वळायचीस? ते अस्तर साधारण 260 अंशांच्या वर बिघडायला लागतं, आणि रिकामा तवा मोठ्या बर्नरवर काही मिनिटांत तिथवर जातो. तव्यावर पीठ असलं तर त्यातलं पाणी ताप फार वाढू देत नाही. डब्यावर 'पीएफओए-फ्री' लिहिलेलं असतं, त्यावर भरवसा ठेवू नका. ते अस्तर बनवताना वापरायच्या एका रसायनाबद्दल आहे, तुमच्या आचेबद्दल नाही. माझा दीड वर्षात मध्यभागी खरबरीत झाला आणि घावन नेमकं तिथेच चिकटायला लागलं. मग दुसरा घेतला. दोन तव्यांच्या पैशात बिडाचा आला असता.

शेवटी तो आलाच. पण नव्या तव्यावर पंधरा दिवस काहीही सुटेना. खरेदीनंतर चिडून फोन करणाऱ्या बायका नेमक्या इथेच अडकलेल्या असतात. ती माझीच चूक असते: तेल जास्त लावायचं. जाड थर धूर येईपर्यंत तापवला की तो घट्ट होण्याऐवजी चिकट राहतो, तव्याला बोट लावलं तर डिंकासारखं वाटतं. आधी तवा घासून, धुऊन, शेगडीवर कोरडा करा. थेंबभर तेल लावा आणि मग ते चुकून लागलंय अशा समजुतीने फडक्याने पुसून काढा. धूर येईपर्यंत तापवा, निवू द्या. असं चार-पाच वेळा. नंतर आठवडाभर त्यावर तेलातलंच काहीतरी करा, कांदा परता, पुऱ्यांचं उरलेलं पीठ थापून भाजा. चिंच, आमसूल, टोमॅटो नको, आंबट त्या थराला खातं. काळा रंग फिकट झाला, राखाडी दिसायला लागला, की थर गेला असं समजून परत तेल.

आंबटासाठी स्टील. स्टीलमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दहा-पंधरा पट कमी वाहते, म्हणून पातळ स्टीलच्या कढईत पोहे केले की बर्नरच्या आकाराचं काळं कडं उठतं. आमटीला, साराला स्टील चालतं. ताप पसरवायचं काम पाणी करतं. पिठल्याला मात्र पातळ स्टील घेऊ नका, खाली लागणारच.

राहिलं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. पोह्यांसाठी जाड हिंडालियमची कढई माझ्याकडे आहे आणि मी ती टाकणार नाही. आमच्याकडे काळवंडलेल्या पातेल्यात चिंच उकळायची आणि ते लख्ख झालं की कौतुक व्हायचं. ते लख्ख होणं म्हणजे वरचा थर विरघळून पाण्यात जाणं, हे कळल्यावर आमसुलाचं सार त्यात करणं बंद केलं. कुकर अजून अ‍ॅल्युमिनियमचाच आहे, त्यात टोमॅटोची डाळही शिजते. इथे मी माझ्याच नियमाविरुद्ध वागते, फक्त शिजली की लगेच काढते, रात्रभर ठेवत नाही. नवा स्टीलचा कुकर घ्यायचे पैसे बाजूला पडत नाहीत, हे त्यामागचं कारण.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न मनगटं दुखणाऱ्या बायका विचारतात. माझा बिडाचा तवा जवळजवळ तीन किलोचा आहे. त्यांना तो घ्या म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

गेल्या दिवाळीत सासूबाई आल्या. मी बिडाचा तवा चढवला होता. त्या ओट्याशी आल्या, त्याच्याकडे बघितलं आणि कपाटातला माझा जुना नॉनस्टिक काढून त्यावर घावन घालायला लागल्या. "हात दुखतत," म्हणाल्या. लाकडी उलथनं घेतलं, आच बारीक केली. त्या खरबरीत जागेवर पहिलं घावन फाटलं, ते त्यांनी स्वतःच्या ताटात घेतलं. त्यांचा तवा माळ्यावर आहे, हे मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.