प्रकल्पाचा अंतिम खर्च चौथ्याच महिन्यात कसा काढला: माझा अनुभव

दहा महिन्यांचा प्रकल्प, एकूण बजेट १०००. चलन कुठलंही धरा, हिशोब तोच राहतो. चौथ्या महिन्याअखेर ४०० चं काम व्हायचं होतं, हे झालं नियोजित मूल्य. झालेलं काम मूळ बजेटच्या दराने मोजलं तर ३२० चं भरलं, हे अर्जित मूल्य. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा मी अकाउंट्सकडून मागवला, तो आला ३४०.

या ३४० वर मी लगेच गणित मांडलं नाही. काम पूर्ण होतं तेव्हा अर्जित मूल्य लगेच वाढतं, पण त्या कामाचं बिल यायला महिना-दीड महिना जातो. त्यामुळे खर्च कमी दिसतो. झालेल्या पण बिल न आलेल्या कामांची यादी केली, ती ६० ची निघाली. म्हणजे खरा खर्च ४००. फरक लहान वाटतो, पण ३४० धरले असते तर अंतिम अंदाज १०६३ च्या आसपास आला असता. ४०० धरल्यावर तो १२५० होतो. खालच्या सूत्रात EV म्हणजे अर्जित मूल्य, AC म्हणजे प्रत्यक्ष खर्च, BAC म्हणजे एकूण बजेट, EAC म्हणजे अंतिम खर्चाचा अंदाज आणि CPI म्हणजे खर्चाचा निर्देशांक, म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक १ मागे किती मूल्याचं काम झालं तो आकडा.

```
CPI = EV / AC = 320 / 400 = 0.80
EAC = BAC / CPI = 1000 / 0.80 = 1250
```

या सूत्रात एक गृहीतक आहे: आतापर्यंत जितकं महाग पडलं, तितकंच उरलेलं कामही महाग पडणार. जादा गेलेले ८० एकदाच घडलेल्या कारणाने गेले असतील, तर उरलेलं ६८० चं काम बजेटच्याच दराने होईल आणि अंदाज ४०० + ६८० = १०८० इतकाच येईल. १०८० आणि १२५० यांतला एक निवडायचा तर आधी ते ८० का गेले हे शोधावं लागतं. माझ्या मते खरं काम हेच आहे.

कामवार नोंदी तपासल्यावर ५० एका भागाच्या फेरकामात गेलेले दिसले. तो भाग आता पूर्ण झाला आहे आणि तसं काम पुढे नाही. उरलेले ३० मात्र सगळ्या कामांत थोडेथोडे पसरलेले होते, म्हणजे मूळ दरच कमी लावला होता. म्हणून पुढच्या कामासाठीचा निर्देशांक फेरकाम वगळून काढला. ५० झालेल्या खर्चात मात्र राहतात, ते परत येत नाहीत.

```
CPI = 320 / (400 - 50) = 0.914
EAC = 400 + 680 / 0.914 = 1144
```

इथे मोह आवरावा लागतो. जादा खर्चाचं प्रत्येक कारण ‘एकदाचंच’ वाटू लागतं. मी तेच वगळतो ज्याचं काम संपलं आहे आणि जे पुढच्या वेळापत्रकात पुन्हा येत नाही.

‘१००० मध्येच बसवा’ असा आग्रह झाला तेव्हा उरलेलं काम भागिले उरलेले पैसे एवढंच दाखवलं: ६८० ÷ ६०० = १.१३. फेरकाम वगळूनही ०.९१ च्या पुढे न गेलेल्या कामाला दुसऱ्या दिवसापासून १.१३ गाठायचे होते. चर्चा मग कामाची व्याप्ती कमी करायची की १४४ ची वाढीव मंजुरी घ्यायची, यावर आली.