कळ परतवून लावण्याचे चार महिने

दिवाळीनंतर सुरू झालेले माझे फिशरचे दुखणे मार्चपर्यंत चालले, आणि त्यातला निम्मा काळ मी स्वतःच वाढवून घेतला होता. उरलेल्या निम्म्याचे श्रेय मात्र मी शहरातल्या एका दवाखान्याला देतो. तिथे टोकन घेऊन अडीच तास लोखंडी बाकावर, म्हणजे नेमके दुखऱ्या जागेवर, बसवून ठेवल्यानंतर चार मिनिटांत मला ‘पाणी भरपूर प्या, पालेभाज्या खा’ एवढे सांगण्यात आले, वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी देण्यात आली आणि लेझरच्या पॅकेजचा कागद हातात ठेवण्यात आला. मला मूळव्याध नव्हे तर फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या त्वचेला पडलेली लहानशी चीर आहे, हेदेखील तिथे कोणी स्पष्ट केले नाही. शौचाला कधी जातो आणि शौचाची कळ आल्यावर काय करतो, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही, आणि सगळी गोम तिथेच होती.

मी कोथरूडला राहतो आणि कचेरी हिंजवडीला आहे. कंपनीची बस सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी येते आणि चहा घेतल्यावर मला कळ येते ती साधारण सात वाजून पंचवीस मिनिटांनी. वर्षानुवर्षे मी ती ‘कचेरीत गेल्यावर बघू’ म्हणून परतवत आलो होतो आणि कचेरीत गेल्यावर ती परत येतेच असे नाही. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यात चार दिवस पोट साफ झाले नाही. पाचव्या दिवशी जो खडा बाहेर आला, त्याने ब्लेडने चिरल्यासारखी वेदना झाली आणि कागदावर लाल रक्ताची रेघ दिसली. त्याहून वाईट भाग पुढचा होता. दहा मिनिटे बरी गेली, मग आत कोणीतरी मूठ आवळल्यासारखा ठणका सुरू झाला आणि तो दीड तास थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी कळ आली तेव्हा मी दात घासत होतो. मला स्पष्ट आठवते की मी आरशात स्वतःकडे पाहून मनात म्हणालो, ‘आज नको, जखम जरा भरू दे.’ हे वाक्य त्या क्षणी अत्यंत शहाणपणाचे वाटते. प्रत्यक्षात मोठे आतडे मलातले पाणी शोषत राहते, त्यामुळे थांबवलेला मल प्रत्येक दिवसागणिक अधिक कोरडा, अधिक कठीण आणि अधिक जाड होत जातो. मी तीन दिवस थांबलो, चौथ्या दिवशी तीच चीर पुन्हा फाटली, आणि ‘बघ, जाणे किती धोक्याचे आहे’ हा माझा समज आणखी पक्का झाला. शिवाय मलाशय ताणले गेले की काही वेळाने जाणीवच पुसट होते. कळ येऊन पाच-दहा मिनिटांत विरते आणि आपल्याला वाटते, संकट टळले.

दवाखान्याने दिलेल्या गोळ्यांत ट्रामाडोल होते. ते आतड्यांची हालचाल मंद करते आणि मल घट्ट करते, हे मला नंतर कळले. फिशरच्या रुग्णाला वेदनेसाठी बद्धकोष्ठता वाढवणारी गोळी देणे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. कोणतीही वेदनाशामक गोळी घेताना ‘याने मल घट्ट होतो का’ एवढे विचारून घ्यावे. साधे पॅरासिटामॉल तसे करत नाही.

डिसेंबरमध्ये एका परिचिताच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी तपासणीच्या भीतीनेच तीन आठवडे टाळत होतो. पण त्यांनी बोट आत घातलेच नाही. कुशीवर झोपवून, त्वचा हलकेच बाजूला करून त्यांनी पाहिले आणि मागच्या बाजूला मधोमध चीर दिसते असे सांगितले. बहुतेक फिशर त्याच जागी होतात. मग त्यांनी विचारले, ‘कळ आल्यावर तुम्ही नेमके काय करता?’ मी सांगितले. त्यांनी कागदावर दोन वर्तुळे काढली, गुदद्वाराभोवतीच्या दोन स्नायूंची. आतला स्नायू आपल्या इच्छेवर चालत नाही. वेदनेने तो आवळतो, त्यामुळे चिरेला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि ती भरत नाही. बाहेरचा स्नायू आपल्या ताब्यात असतो आणि कळ परतवण्याचे काम तोच करतो. म्हणजे एक स्नायू दुखण्यामुळे आवळलेला आणि दुसरा भीतीमुळे, अशी माझी अवस्था होती. ‘जखम भरल्यावर जाईन असे तुम्ही म्हणता,’ त्या म्हणाल्या, ‘पण रोज मऊ मल बाहेर गेल्याशिवाय ती भरणार नाही.’

औषधे साधी होती. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची सतरा ग्रॅमची पुडी रोज पेलाभर पाण्यात. ही आतड्यात पाणी धरून ठेवते आणि परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. चिरेच्या कडेला लावायला डिल्टियाझेमचे दोन टक्क्यांचे मलम, वाटाण्याएवढे, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. हे आतला स्नायू सैल करते. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे. या टबाबद्दल आमच्या घरी बरीच थट्टा झाली, पण ठणका सुरू होण्याआधीच त्यात बसलो तर तो निम्म्यावर येतो, हे मी घड्याळ लावून पाहिलेले आहे.

खरी अडचण आठवडाभराने सुरू झाली. मल मऊ झाला, अगदी केळ्यासारखा. तरीही मी जात नव्हतो. जाऊन बसलो तरी काही घडत नव्हते, मग जोर करायचो, आणि जोर केला की दुखायचे. बुद्धीला पटले होते की आता फाटायला काही कारण नाही, पण शरीराला ते कोणी सांगितले नव्हते. एकदा बसल्या बसल्या मी माझ्याकडे बारकाईने पाहिले: पायाची बोटे आत वळलेली, नितंब घट्ट, दात एकमेकांवर दाबलेले आणि श्वास रोखलेला. मी एकाच वेळी ढकलत होतो आणि दार बंद करत होतो. हे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. चीर भरत आली तरी भीती मागे राहते आणि प्रौढ माणसे इथेच अडकतात, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यांनी सांगितलेली युक्ती बसण्याच्या पद्धतीची होती. मुलीचे बेसिनपाशी चढण्याचे वीतभर उंचीचे प्लास्टिकचे स्टूल मी कमोडसमोर आणले. पाय त्यावर ठेवले की गुडघे कमरेच्या वर येतात. थोडे पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकवायची. मग श्वास रोखून कुंथण्याऐवजी, आरशावर वाफ धरावी तसा तोंडाने ‘हा’ करत सावकाश श्वास सोडायचा आणि पोट आत ओढण्याऐवजी बाहेर फुगू द्यायचे. पहिले तीन दिवस मला हे हास्यास्पद वाटले. चौथ्या दिवशी श्वास सोडताना खालचा स्नायू आपोआप सैल होतो हे जाणवले, आणि एकदा जाणवले की ते पुन्हा साधता येते. आठ मिनिटांत काही झाले नाही तर उठायचे, ही दुसरी अट. उठणे म्हणजे हार नव्हे, पुढच्या कळेची वाट पाहणे होते. फोन बाहेर ठेवला म्हणून ते जमले.

वेळेचे गणितही मला बदलावे लागले. खाल्ल्यावर आतडे आपोआप हलते, म्हणून मी सव्वासहाला उठून पोहे किंवा उपमा आणि चहा आधी घेऊ लागलो. कळ पावणेसातला येऊ लागली आणि बस येईपर्यंत जवळजवळ तासभर हाताशी राहू लागला. मी एका जुन्या डायरीत चारच गोष्टी लिहीत असे: कळ केव्हा आली, गेलो की परतवली, मल किती मऊ, आणि नंतर किती मिनिटे दुखले. पहिली नोंद पंचाण्णव मिनिटांची आहे. नवव्या दिवशी चाळीस, सोळाव्या दिवशी बारा. भीतीला माझ्या समजुतीच्या गोष्टी कधी पटल्या नाहीत, पण हे आकडे हळूहळू पटले; कारण सकाळी कळ आली की कालचा आकडा माझ्यासमोर असायचा.

मग मी चूक केली. बावीस दिवस झाले, दुखणे थांबले, म्हणून मी पुडी बंद केली. साताऱ्याला एका लग्नाला दोन दिवस गेलो, कार्यालयातल्या शौचालयासमोर रांग होती, मी कळ दोनदा परतवली, आणि तिसऱ्या दिवशी घरी परत तीच लाल रेघ उमटली. डायरीत त्या दिवशी सत्तर मिनिटे लिहिलेली आहेत. दुखणे थांबणे आणि त्वचा मजबूत होणे यांत बरेच अंतर असते. त्यामुळे पुडी आणखी दोन महिने चालू ठेवायची आणि नंतर एकदम न तोडता, मल मऊ राहतो आहे हे पाहत, एक दिवसाआड करत कमी करायची, असे डॉक्टरांनी बजावले.

इसबगोलाबद्दल सांगायचे राहिले. घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने मला तेच सुचवले होते, पण आत खडा अडकलेला असताना पुरेसे पाणी न पिता इसबगोल घेतले की ढीग तेवढा वाढतो. ते मी मल मऊ झाल्यानंतर, दोन पेले पाण्याबरोबर सुरू केले. तसेच सर्वांत भीतीच्या पहिल्या आठवड्यात, जाण्याआधी दहा मिनिटे लावायला लिग्नोकेनची जेली मिळाली होती. तिने चीर भरत नाही, पण दारापर्यंत जाण्याचे धैर्य येते. सहा ते आठ आठवड्यांत गुण आला नाही तर स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन किंवा आतल्या स्नायूचा छोटा छेद असे पुढचे उपाय असतात; मला ते लागले नाहीत. ताप, पू, न थांबणारी सूज, मलात मिसळलेले किंवा काळे रक्त, विनाकारण घटणारे वजन, अथवा चीर मधोमध नसून बाजूला असणे, यांपैकी काहीही असेल तर मात्र हा सगळा घरचा खटाटोप बाजूला ठेवून लगेच तपासून घ्यावे लागते.

डायरीतली शेवटची नोंद नऊ मार्चची आहे: कळ सहा अठ्ठेचाळीस, गेलो, मऊ, शून्य मिनिटे. स्टूल अजून कमोडसमोरच आहे आणि मुलीसाठी मी लक्ष्मी रोडवरून दुसरे आणले.