बीसीसीचं (१११) प्रतल: १०२ टक्के भरलेली जागा आणि एक अर्धवट कापलेला गोळा

बीसीसी म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि केंद्रात अणू असलेली रचना. मागच्या वेळी मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की तिची (१००) आणि (११०) प्रतलं संपली, आता (१११) म्हणजे एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे गेले. काल रात्री गुंता सुटला, म्हणून हे लिहायला बसलोय.

तक्त्यात नवा रकाना घातला होता: प्रतलावर अणूंच्या वर्तुळांनी किती टक्के जागा व्यापली. (१००) ला ५८.९ आले, (११०) ला ८३.३. दोन्ही बरोबर. (१११) ला आले १०२. एकमेकांवर न चढणारी सारखी वर्तुळं कितीही दाटीने मांडली तरी ९०.७ टक्क्यांच्या पुढे जात नाहीत, इथे तर जागेपेक्षा अणूच जास्त! लोखंडाच्या घनाची बाजू a = ०.२८६६ नॅनोमीटर घातली तर दर चौरस नॅनोमीटरला २१.१ अणू, म्हणजे (११०) च्या १७.२ पेक्षाही जास्त. बीसीसीत सर्वांत दाट प्रतल (११०) हे आपल्याला झोपेतही पाठ असतं. म्हणजे चूक माझीच होती. कुठे, ते मात्र सापडेना.

आधी निर्देशांक पुन्हा तपासले. तिन्ही अक्षांवर छेद १, १, १. व्यस्त घेतले तरी १, १, १. तिथे चुकायला जागाच नाही. त्रिकोणाची बाजू √२ a, क्षेत्रफळ ०.८६६ a². तेही बरोबर. उरली अणूंची मोजणी. तीन कोपऱ्यांचे अणू, प्रत्येकाचा सहावा हिस्सा, मिळून अर्धा. त्यात मधला एक अख्खा, असे दीड.

हा मधला अख्खा अणू मी का धरला, तर तो मला दिसत होता. मॉडेल कर्णाच्या, म्हणजे [१११] च्या रेषेत डोळ्यांसमोर धरलं की केंद्रातला गोळा बरोब्बर त्रिकोणाच्या मध्यावर येतो. बरं, नुसता दृष्टिभ्रम म्हणावा तर मी थर्माकोलचं मॉडेल गरम तारेने याच प्रतलावर कापलेलं होतं, आणि तार मधल्या गोळ्यातून आरपार गेली होती. कापलेली चकती समोर पडलेली असताना 'हा अणू या प्रतलात नाही' हे कोण मान्य करणार?

(गोळ्यांबद्दल जाता जाता: ५० मिलिमीटरचे म्हणून मागवलेले गोळे ४८ ते ५१ निघाले. पाकिटावरचा आकडा खरा मानू नका, प्रत्येक गोळा व्हर्नियरने मोजून घ्या. आणि तार जास्त तापवू नका, कड वितळते आणि माप बिघडतं.)

शेवटी व्हर्नियरच कामी आला. चकतीचा व्यास भरला ३७ मिलिमीटर. गोळा मध्यातून कापला असता तर ५० हवा होता. कोपऱ्यांच्या गोळ्यांच्या फाकी मात्र बरोबर २५ त्रिज्येच्या होत्या. म्हणजे तार कोपऱ्यांच्या गोळ्यांच्या केंद्रातून गेली होती आणि मधल्याच्या केंद्रापासून बरीच लांबून. मग कागदावर ताडून पाहिलं. प्रतलाचं समीकरण x + y + z = १, केंद्रातल्या अणूच्या निर्देशकांची बेरीज दीड. अर्ध्याचा फरक √३ ने भागला की अंतर ०.२८९ a. माझ्या मॉडेलात a = ५७.७ मिलिमीटर, म्हणून १६.७ मिलिमीटर. त्रिज्या २५, त्यामुळे तार गोळ्याला कापणारच, आणि चकती ३७.३ ची येणार. आली होती तशीच.

तर नियम असा की ज्याचं केंद्र प्रतलावर आहे तोच अणू मोजायचा. हा नियम मला पाठ होता, पण तो असा का हे काल कळलं. बीसीसीत (१११) ला समांतर अणूंचे थर ०.२८९ a अंतरावर असतात. गोळ्याची त्रिज्या त्याहून मोठी, म्हणून प्रत्येक गोळ्याला तीन थर कापतात: त्याचा स्वतःचा, एक वरचा, एक खालचा. कापला म्हणून मोजला, तर प्रत्येक अणू तीनदा मोजला जातो. माझी संख्या बरोबर तिप्पट होती! दीडऐवजी अर्धा अणू घेतला की घनता ०.५७७ प्रति a², लोखंडासाठी ७.० प्रति चौरस नॅनोमीटर, आणि व्यापलेली जागा ३४ टक्के.

यातून एक पक्की चाचणी हाती लागली: प्रतलीय घनतेला लगतच्या दोन थरांमधल्या अंतराने भागायचं, उत्तर घनफळातली घनता आलं पाहिजे. बीसीसीत ती दर a³ ला २. (१००) ला १ भागिले ०.५, उत्तर २. (११०) ला १.४१४ भागिले ०.७०७, उत्तर २. आता (१११) लाही २, जुन्या चुकीच्या आकड्याने ६. अंतर मात्र खऱ्या थरांचं घ्या. नेहमीच्या सूत्राने ०.५७७ a येतं, पण निर्देशांकांची बेरीज विषम असली की बीसीसीत मध्ये आणखी एक थर असतो, म्हणून ते अर्धं करावं लागतं.

इथपर्यंत लिहून थांबणार होतो, पण वाटलं की केंद्रातल्या अणूमधून जाणारं समांतर प्रतलही मोजून पाहावं. तेही (१११) च, म्हणजे उत्तर तेच हवं. घन कापल्यावर षट्कोन मिळतो, बाजू ०.७०७ a, क्षेत्रफळ १.२९९ a², आत अख्खा एक अणू. घनता ०.७७. पुन्हा डोकं धरलं!

या वेळी तासाभरात सुटलं. तोच षट्कोन शेजारच्या घनांमध्ये चालू ठेवला तर सगळीकडे षट्कोन येत नाहीत, मध्ये छोटे त्रिकोण येतात, एका षट्कोनामागे दोन. त्या त्रिकोणांत एकही अणू नाही, पण त्यांचं ०.४३३ a² क्षेत्रफळ धरावंच लागतं. एकूण १.७३२ a² ला एक अणू, म्हणजे ०.५७७. एका घनाच्या आत दिसणारा तुकडा पुनरावृत्तीचा तुकडा असेलच असं नाही. पहिल्या त्रिकोणाने फक्त नशिबाने साथ दिली होती, त्याच्या प्रती जोडून अख्खं प्रतल भरतं.

रेषीय घनतेने त्रास दिला नाही. [१११] वर √३ a लांबीत दोन अणू, गोळे एकमेकांना टेकलेले, फट शून्य. घनता १.१५५ प्रति a, लोखंडात नॅनोमीटरला ४.०३. आतापर्यंतच्या तीन प्रतलांतल्या सर्वांत विरळ प्रतलावर सर्वांत दाट रेषा काटकोनात उभी आहे, हे मॉडेल हातात फिरवताना फार छान दिसतं.

पुढचा बेत एफसीसीचा होता, तो तूर्त मागे. आधी बीसीसीचं (११२). या वेळी उलट्या बाजूने जाणार: बेरीज सम, थरांचं अंतर ०.४०८ a, म्हणून घनता ०.८१६ यायला हवी. ती आधीच तक्त्यात लिहून ठेवली आहे. आता [१११] च्या तिसऱ्या १ वर ऋण रेघ असलेली दिशा धरून आयत काढायचा आणि त्यात खरंच दोन अणू भरतात का ते मोजायचं. थर्माकोल संपलाय, त्यामुळे हे कागदावरच.