फोटो आले, तारखा राहिल्या

शनिवार, रात्री उशिरा.

फोटो ठेवायची आमची जुनी साइट महिनाअखेर बंद होतेय. ‘तुमचा डेटा उतरवून घ्या’ असा मेल आला, मागोमाग झिपच्या लिंक. त्याही आठवडाभरच चालणार. नौपाड्यात आज दुपारभर लाइटचा लपंडाव, त्यात एक झिप अर्धवटच उतरली. नाव बरोबर, आयकॉन बरोबर, पण उघडायला गेले की एरर. म्हणून प्रत्येक झिप पूर्ण उघडली आणि साइटवरच्या अल्बममधले फोटो नि फोल्डरमधले फोटो यांचा आकडा जुळवला. साइट चालू आहे तोवरच हे जमतं.

खरी गोम पुढे निघाली. सगळ्या फोटोंवर आजची तारीख! फोटो अपलोड होताना कॅमेऱ्याने आत लिहिलेली माहिती साइटने काढून टाकलेली, त्यामुळे फोल्डरला दिसते ती फाइल उतरवल्याची तारीख. मूळ तारखा सोबतच्या JSON फाइलमध्ये होत्या, पण अशा:

`1413934800`

हे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, तेही यूटीसी म्हणजे ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे. हा फोटो राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटेचा. नुसतं रूपांतर केलं तर २१ ऑक्टोबर २०१४, रात्रीचे ११:४० येतात. म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट आदल्या रात्रीत जाऊन पडली! आपली वेळ साडेपाच तास पुढे, तेवढे मिळवले की २२ तारखेचे पहाटे ५:१० होतात. दुपारच्या फोटोंत ही चूक सहज खपून जाते, तारीख तीच राहते ना. पडताळायचं तर पहाटेचाच फोटो घ्यावा.

सेकंद एक्सेलच्या B रकान्यात घेतले आणि हे सूत्र खालपर्यंत ओढलं:

```
=B2/86400+DATE(1970,1,1)+TIME(5,30,0)
```

मग एक्सिफटूल नावाच्या, कमांड देऊन चालवायच्या प्रोग्रामने तारखा फोटोंत लिहिल्या. आधी एकाच फोटोवर करून पाहिलं:

```
exiftool -AllDates="2014:10:22 05:10:00" pahat.jpg
```

मूळ फाइल तो `_original` जोडून बाजूला ठेवतो, त्यामुळे जिवाला घोर नाही. बाकीचे सगळे CSV यादीवरून एकदम केले.

कमेंटचं मात्र वाईट वाटलं. एक्सपोर्टमध्ये फक्त माझ्याच कमेंट आल्या. दुसऱ्यांनी लिहिलेलं त्यांच्या खात्यात, हे नियमाला धरूनही असेल, पण आत्याच्या ‘ही कोणाची गं?’ला मी दिलेली उत्तरं प्रश्नाशिवाय वाचायची कशी? ज्या अल्बमवर घरच्यांची गर्दी होती, त्यांची पानं कमेंट पूर्ण उलगडून ब्राउझरमधूनच पीडीएफ करून ठेवली. बाकीच्यांवर पाणी सोडलं.

नव्या साइटवर सगळं चढवायचा उत्साह नाही. एक हार्ड डिस्क माझ्याकडे, दुसरी उद्या ऐरोलीला भावाकडे. त्याने तिथे चार-दोन अल्बम उघडून बघितले की मग इथलं खातं बंद करेन.